गल्ला वाढला, मग पैसे गेले कुठं?

माझ्या मेव्हण्याचं गंगापूर रोडला, धरणाकडं जाणाऱ्या वाटेवर मिसळीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड, लाकडी बाकं, लहान मुलांसाठी एक झोका आणि रविवारी सकाळी रस्त्यापर्यंत लागलेल्या गाड्या. नाशिककरांना जास्त वर्णन लागणार नाही. पोटापाण्यासाठी मी लोकांचे हिशेब लिहितो. मेव्हण्याचेही लिहितो, त्याचे पैसे मात्र मिळत नाहीत. त्याबदल्यात मिसळ मिळते.

गेल्या थंडीत त्यानं दारात फळा लावला : 'मिसळीसोबत जिलेबी-मठ्ठा फक्त १० रुपयांत!' मिसळ १२० ची, म्हणजे जोडी १३० ला. तोवर जिलेबी-मठ्ठा वेगळा ८० रुपयांना होता. पुढच्याच रविवारी गर्दी तेवढीच होती, तरी जिलेबीचे घाणे वाढले आणि गल्लाही वाढला. त्यानं फोन केला, "दाजी, तुम्ही उगाच घाबरवत होता. कॉम्बो जोरात चाललाय."

महिनाअखेरीला वही माझ्याकडं आली तेव्हा दिसलं की विक्री वाढली आहे आणि हातात उरणारे पैसे कमी झाले आहेत. तेल, साखर, मैदा, गॅस, सगळ्यांची बिलं फुगलेली. त्याला वाटलं कारागीर माल पळवतोय. कारागिराचा काही दोष नव्हता, पैसे फळ्यावरच्या आकड्यातून गळत होते. पुढं आम्ही दोघांनी एका दुपारी तो आकडा सोडवला. बंडल प्राइसिंग, म्हणजे दोन-तीन वस्तू मिळून एक भाव लावणं, हे प्रकरण मला कागदावर माहीत होतं. समजलं मात्र त्या दुपारी.

आधी पडतळ काढली. एक मिसळ तयार करून टेबलावर ठेवायला त्याला साधारण ६० रुपये लागतात : मटकी, काळा मसाला, फरसाण, पाव, दही, पापड, गॅस. जिलेबी-मठ्ठ्याला ३० रुपये. भाडं आणि पगार यात धरले नाहीत, कारण एखादी मिसळ जास्त विकली म्हणून भाडं वाढत नाही. मग गिऱ्हाइकांकडं वळलो. भावाचा विचार करताना एकच प्रश्न महत्त्वाचा असतो : समोरचा माणूस या वस्तूला जास्तीत जास्त किती देईल? त्यापेक्षा एक रुपया जास्त लावला तर तो नको म्हणतो. हा आकडा कुणी तोंडानं सांगत नाही, पण पंधरा वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तो अंदाजानं कळतो. मेव्हण्यानं डोळे मिटून आपली रविवारची गर्दी चार प्रकारांत वाटली. हिशेबाला सोपं जावं म्हणून प्रत्येक प्रकाराची दहा माणसं धरली.

| गिऱ्हाईक | मिसळीला देईल | जिलेबी-मठ्ठ्याला देईल | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| तिखटवाले | १५० | २० | १७० |
| तिखटाकडं झुकलेले | १२० | ६० | १८० |
| गोडाकडं झुकलेले | १०० | ८० | १८० |
| गोडवाले | ३० | ११० | १४० |

तिखटवाला म्हणजे नाकातून पाणी येईपर्यंत रस्सा मागणारा, जिलेबीकडं ढुंकूनही न बघणारा. गोडवाल्यांत पित्ताचा त्रास असलेल्या आजी येतात. नातवंडांच्या हट्टापायी आलेल्या, मिसळीच्या वासानंच पदर नाकाला लावणाऱ्या. मधले दोन प्रकार म्हणजे आपण बहुतेक सगळे.

भाव मनातल्या आकड्याइतका असला तरी माणूस घेतो असं धरू. मिसळ १२० ला आणि जिलेबी-मठ्ठा ८० ला वेगवेगळे असताना काय व्हायचं ते बघा. वरचे दोन प्रकार मिसळ घ्यायचे, खालचे दोन जिलेबी. दोन्ही कुणीच घ्यायचं नाही. वीस मिसळी आणि वीस प्लेट जिलेबी, गल्ला ४००० रुपये. मिसळीमागं ६० आणि जिलेबीमागं ५० उरतात, म्हणजे एकूण २२०० उरायचे. सुट्या भावांनी यापेक्षा जास्त मिळतच नाही. मिसळ १०० ला उतरवली तर दहा जण वाढतात, पण प्रत्येकामागं वीस रुपये जातात आणि कमाई तेवढीच राहते. १५० ला चढवली तर दहाच राहतात. जिलेबीचं ६० किंवा ११० करून बघा, ८० च बरा निघतो.

आता फळा लागला : जोडी १३० ला. तिखटवाला विचार करतो, मिसळ तर १२० ला घेणारच आहे, वर दहा रुपयांत जिलेबी येतेय. त्याला तिची किंमत वीस रुपये वाटते. म्हणजे त्याच्या दृष्टीनं फायदाच. तो जोडी घेतो. मधले दोन्ही प्रकार तर घेतातच. आजी मात्र घेत नाहीत. त्यांना मिसळ तीस रुपयांचीच वाटते आणि ८० वरून १३० ला जायला पन्नास लागतात. तीस जोड्या आणि दहा प्लेट जिलेबी झाल्या. गल्ला ४७०० रुपये. सातशेनं वाढला! मेव्हण्याचा फोन इथूनच आला होता.

पण एका जोडीची पडतळ ९० आहे. १३० च्या जोडीमागं ४० च उरतात. तीस जोड्यांचे १२०० आणि दहा जिलेबींचे ५०० मिळून १७०० झाले. गल्ल्यात सातशे जास्त आले आणि खिशात पाचशे कमी. तिखटवाल्याला त्यानं तीस रुपयांची जिलेबी दहा रुपयांत दिली होती, तीही अशा माणसाला जो अर्धी ताटात टाकून उठतो. मोरीवरच्या बाईला हे आमच्या आधी माहीत होतं. तिनं एकदा सांगितलंही होतं म्हणे, की हल्ली जिलेबी फार वाया जाते.

इथं एक साधी परीक्षा हाती लागते आणि कुठलाही कॉम्बो लावण्याआधी ती करून बघावी. जोडीमागं जे उरतं ते, जोडी नसती तर त्याच माणसानं जे एकटं घेतलं असतं त्यामागं उरणाऱ्या पैशापेक्षा जास्त हवं. तिखटवाल्याकडून आधी ६० उरायचे, आता ४०. गोडाकडं झुकलेल्याकडून आधी ५० उरायचे, आता ४०. म्हणजे १३० च्या जोडीवर एकही गिऱ्हाईक असं नव्हतं की ज्याच्याकडून जास्त मिळालं. प्रत्येक जोडी तोट्याची होती, आणि लोक रांग लावून ती घेत होते. मिसळीतून ६० उरत असतील तर ९० पडतळीच्या जोडीचा भाव १५० च्या वर असायला हवा. तो सातत्यानं त्याच्या खाली ठेवायचा असेल तर एकच सबब चालेल : जोडीमुळं पूर्वी न येणारी माणसं येऊ लागली. तशी ती आली होती का, हे बिलांच्या संख्येवरून कळतं. त्याच्याकडं बिलं तेवढीच होती.

मग भाव किती हवा? जोडी १७० ला लावा, सुटे भाव १२० आणि ८० तसेच ठेवा. तिखटवाल्याला मिसळीवर ५० जास्त मोजून वीस रुपयांची जिलेबी नको असते, तो एकटी मिसळ घेतो. आजी एकटी जिलेबी घेतात. मधले दोघं मात्र १८० द्यायला तयार आहेत, ते १७० ला जोडी घेतात. तिखटवाल्यांकडून ६००, मधल्या दोघांकडून प्रत्येकी ८००, आजींकडून ५००. एकूण २७०० उरले. आधीच्या २२०० वरून पाचशे वर, आणि गिऱ्हाइकांपैकी कुणाचंच नुकसान नाही. मधल्या लोकांना पूर्वी एकच वस्तू परवडायची, आता दोन मिळतात.

मला स्वतःला गंमत वाटली ती मधल्या दोन ओळींची. एकाला मिसळ १२० ची आणि जिलेबी ६० ची वाटते, दुसऱ्याला १०० आणि ८०. सुट्या भावात या दोघांना एकाच वेळी दोन्ही वस्तू विकता येत नाहीत. मिसळ दोघांना जमावी तर १०० ला आणावी लागेल, जिलेबी दोघांना जमावी तर ६० ला. म्हणजे १६०. पण दोन्ही आकडे एकत्र बांधले की दोघांचीही बेरीज १८० च निघते. एकाचं मिसळीवरचं जास्तीचं प्रेम दुसऱ्याच्या जिलेबीवरच्या प्रेमाशी बरोबरी करतं. आवडीनिवडी वेगळ्या, पण गाठोड्याची किंमत सारखी. भाव लावणाऱ्याला सगळ्यांत जास्त त्रास होतो तो गिऱ्हाइकांच्या वेगवेगळ्या आकड्यांचा, आणि जोडी तो फरक गिळून टाकते. अमेरिकेत सिनेमावाले टीव्ही केंद्रांना चित्रपट गठ्ठ्यानंच का विकतात, असा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६३ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञानं त्याचं हेच उत्तर दिलं.

याची उलट बाजू पटकन बघता येते. तेच आकडे ठेवा, फक्त जोड्या बदला. ज्याला मिसळ १५० ची वाटते त्यालाच जिलेबीही ११० ची वाटते. १२० वाल्याला ८०, १०० वाल्याला ६०, ३० वाल्याला २०. म्हणजे काही लोक खवय्ये आणि काही कंजूष. सुटे भाव १२० आणि ८० लावले तर २२०० उरतात. जोडी २०० ला लावली तर वरचे दोन प्रकार घेतात, पुन्हा २२०० च. दुसरा कुठलाही आकडा लावला तर कमी. म्हणून कॉम्बोत काय घालायचं हे ठरवताना 'लोकांना दोन्ही आवडतात का' एवढंच विचारून भागत नाही. एक जास्त आवडणाऱ्याला दुसरं कमी आवडतं का, हे बघायचं. मिसळ आणि जिलेबीचं तसं आहे. साध्या मिसळीसोबत जादा पावाचा कॉम्बो लावून काही मिळणार नाही. दोन्हीची भूक एकाच माणसाला असते.

सगळं बंद करून फक्त जोडीच विकली तर? हा प्रश्न मेव्हण्याचाच. यादी लहान होईल, वेटरचा गोंधळ वाचेल. जोडी १७० ला ठेवली तर तीन प्रकार घेतात, आजी उठून जातात, २४०० उरतात. सुट्यापेक्षा बरं, पण सुटं आणि जोडी दोन्ही ठेवण्यापेक्षा कमी. कारण इथं पडतळ खरी आहे. ज्याला जिलेबी वीस रुपयांची वाटते त्याच्या ताटात तीस रुपयांची जिलेबी ढकलणं म्हणजे दहा रुपये मोरीत घालणं. सुटा भाव हे गळू देत नाही. नको असलेली वस्तू त्या माणसापासून दूर ठेवतो.

याच्या पुढची पायरी जराशी खट्याळ आहे. जोडी १७० ला असताना मिसळ १२० लाच कशाला? तिखटवाला १५० द्यायला तयार आहे. पूर्वी मिसळ १५० ला नेली असती तर मधले लोक गेले असते. आता ते मिसळ घेतच नाहीत, जोडी घेतात. म्हणजे सुट्या मिसळीचा भाव आता फक्त तिखटवाल्यासाठी उरलाय आणि सुट्या जिलेबीचा फक्त आजींसाठी. मिसळ १४०, जिलेबी-मठ्ठा १००, जोडी १७० केलं तर ३१०० उरतात. शेवटच्या रुपयापर्यंत ताणलं, म्हणजे १५०, ११० आणि १८०, तर ३५००. वर फळ्यावर लिहिता येतं, '२६० ची जोडी १८० ला, ८० रुपयांची बचत!'

ही बचत कुठून आली ते आता दिसतंय ना? जोडी स्वस्त झालेली नाही, सुटं महाग झालंय. महिन्याभरापूर्वी त्याच दोन वस्तू मिळून २०० ला मिळत होत्या. म्हणून गिऱ्हाईक म्हणून मी कुठंही गेलो की फळ्यावरच्या 'बचती'कडं बघत नाही. कॉम्बो नसता तर मी काय मागवलं असतं आणि त्याला किती पडले असते, तेवढंच बघतो. बायको याला चिकटपणा म्हणते.

मेव्हण्यानं ३५०० चा मार्ग धरला नाही, आणि मला वाटतं बरोबर केलं. आमच्या तक्त्यात माणसांचे आकडे पक्के आहेत. खऱ्या रविवारी ते डगमगतात, आणि पलीकडच्या मळ्यात मिसळ १२५ ला मिळते. कागदावर तिखटवाला दीडशे देतो. खऱ्या आयुष्यात तो मोटारसायकलला किक मारून पुढं जातो, आणि जाताना चार मित्रांनाही घेऊन जातो. शेवटी त्यानं मिसळ १३०, जिलेबी-मठ्ठा ९० आणि जोडी १७० असं लावलं. आमच्या तक्त्याप्रमाणं २९०० व्हायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे झाले नाहीत, पण १७०० च्या गाळातून गाडी बाहेर आली.

ती बाहेर आली हे ओळखायला त्यानं गल्ल्याकडं बघणं सोडलं, ही खरी सुधारणा. आता बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तो दर रविवारी तीन आकडे काढतो : किती बिलांवर एकटी मिसळ, किती बिलांवर एकटी जिलेबी, किती बिलांवर जोडी. एकट्या मिसळीची बिलं जवळजवळ नाहीशी झाली तर जोडी फार स्वस्त आहे, तिखटवाले तिकडं सरकलेत. फळा लागला होता तेव्हा नेमकं हेच झालं होतं. जोडीची बिलं नगण्य असतील तर जोडी महाग आहे, किंवा त्या दोन वस्तूंची जोडीच चुकली आहे. आणि तिन्ही प्रकार बऱ्यापैकी दिसत असतील तर भाव माणसं वेगळी काढतायत. चौथी खूण मोरीवर मिळते. ताटात परत येणारी जिलेबी.

एवढं झाल्यावर त्याला चटक लागली. आठवड्याच्या दिवसांचं काय? सोमवार ते शुक्रवार सकाळी सातपूरच्या कारखान्यांतले सुपरवायझर आणि ऑफिसवाले येतात, आणि कॉलेजची पोरं येतात. पोरं १३० ची मिसळ बघून समोरच्या गाडीवर वडापाव खायला जातात. त्याच्या डोक्यात हाफ मिसळ आली. इथं बंडलाचा भाऊबंद सुरू होतो, प्रॉडक्ट लाइन प्राइसिंग : एकाच वस्तूच्या लहान-मोठ्या, साध्या-खास प्रतींना एकमेकींकडं बघून भाव लावणं. बंडलात दोन वेगळ्या वस्तू एकत्र येतात. इथं एकच वस्तू वाटून टाकायची असते.

धोका मात्र तोच, उतरंडीवरून खाली घसरण्याचा. पूर्ण मिसळ ऑफिसवाल्याला १३० ची वाटते, पोराला ९५ ची. टेबलावर बसून खायची हाफ ऑफिसवाल्याला ११० ची वाटते, पोराला ८० ची. हाफची पडतळ ४५. पोरांसाठी हाफ ८० ला लावली की ऑफिसवाला विचार करतो : ११० ची वस्तू ८० ला मिळतेय, पूर्ण घेऊन मला काय उरतं? तोही हाफच मागतो. दहा पोरं आणि दहा ऑफिसवाले धरले तर आधी दहा पूर्ण मिसळींमागं ७०० उरायचे. आता वीस हाफमागं ३५ प्रमाणं ७०० च उरतात. कमाई तेवढीच आणि भांडी दुप्पट.

पूर्ण मिसळीचा भाव उतरवून ऑफिसवाल्याला परत वर खेचता येतं, पण तो १०० पर्यंत उतरवावा लागतो आणि शेवटी ७५० च हाती लागतात. मेव्हण्यानं दुसरा मार्ग काढला. हाफ मिसळ फक्त बाहेरच्या कट्ट्यावर, उभ्यानं, भाव ७५. पोरांना उभं राहण्याचं काहीच वाटत नाही, मित्र असले की झालं. त्यांच्या मनातली किंमत ८० वरून फार तर ७५ वर आली. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या सुपरवायझरला मात्र हातात रस्स्याची वाटी धरून उभं राहायचं नसतं. त्याच्या लेखी ती हाफ आता ७० ची. ७५ देऊन तो ती घेणार नाही. तो आत बसून १३० ची पूर्ण मिसळच मागवतो. दहा पूर्ण मिसळींचे ७०० आणि दहा हाफचे ३००, म्हणजे १०००. फळ्यावरचा एकही जुना भाव न बदलता.

हाफ मिसळ मेव्हण्यानं मुद्दाम गैरसोयीची केली, कंजूषपणानं नाही. बाक ठेवायला त्याला कितीसा खर्च आला असता? कट्ट्यावर बाक नाही कारण बाक आला की आतली माणसं बाहेर येतील. १८४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्यूल द्यूपुई या इंजिनिअरनं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं. डब्यांना छप्पर घालायला कंपनीला परवडत नाही असं नव्हे. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा माणूस तिसऱ्यात बसू नये म्हणून छप्पर नाही. गरिबांवरचा राग त्यात नाही, पण सोसावं गरिबांनाच लागतं. हे वाचल्यावर मला स्वस्तातली कुठलीही वस्तू बघताना प्रश्न पडतो की यात जे नाही ते महाग आहे म्हणून नाही, की मला वरच्या पायरीवर ढकलायला नाही?

कापायचं काय, हे चुकलं की सगळं फसतं. मेव्हण्यानं आधी हाफला दुसऱ्यांदा रस्सा बंद केला होता. मिसळीत पोरांना सगळ्यांत प्यारा रस्साच, म्हणून पोरंच चिडली. ऑफिसवाले तसेही एका वाटीत उठतात, त्यांना फरक पडला नाही. उलटं कुंपण घातलं गेलं. वरच्या गिऱ्हाइकाला ज्याची किंमत जास्त वाटते आणि खालच्याला कमी, नेमकं तेच काढायचं असतं. रस्सा परत सुरू झाला, बाक गेले.

आता हाच सगळा संसार मोबाइलच्या रिचार्जमध्ये बघा. रोज एक जीबी, दीड जीबी, दोन जीबी, ही झाली हाफ-फुलची उतरंड. कॉल, मेसेज, डेटा, वर एखादं ओटीटी, ही झाली मिसळ-जिलेबी. फरक एकाच गोष्टीचा, आणि तो मोठा आहे : टॉवर उभा आहे, स्पेक्ट्रमचे पैसे भरलेत, आता आणखी एका माणसाला डेटा द्यायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. आमच्या तक्त्यात पडतळ शून्य करून बघा. सुट्या विक्रीतून जास्तीत जास्त ४८०० मिळतात. एकच जोडी सगळ्या चाळीस जणांच्या गळ्यात १४० ला मारली तर ५६०० मिळतात. जिलेबी मोरीत जाण्याची भीतीच उरली नाही, कारण ती फुकटात बनते. जिलेबी वीस रुपयांची वाटणाऱ्या माणसालाही ती देऊन टाकणं आता फायद्याचं आहे. सुटं आणि जोडी दोन्ही नीट ठेवून अजूनही थोडं जास्त, ६२०० पर्यंत, मिळतं. पण हॉटेलात तो फरक ११०० चा होता आणि २४०० च्या कमाईवर होता. इथं ६०० चा आहे, आणि ५६०० वर. त्यात सुटे प्लॅन ठेवले की लोक तुलना करत बसतात. म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधण्याकडं या धंद्याचा ओढा जास्त.

रोजच्या डेटाचं कुंपणही बाक काढण्यासारखंच. दोन जीबी रोज, २८ दिवस, म्हणजे कागदावर ५६ जीबी. पण आजचा उरलेला उद्याला चालत नाही, रात्री बारा वाजता गेला. रविवारी भरपूर आणि इतर दिवशी थोडा डेटा वापरणारा महिन्यात वीस जीबीही वापरत नाही, तरी रविवारी अडतो म्हणून वरची पायरी घेतो. आणि २८ दिवसांची मुदत म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. किमान एक प्लॅन तरी ३० दिवसांचा हवा, हे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेला २०२२ च्या जानेवारीत नियम करून सांगावं लागलं.

ज्याला जोडीतली एकच वस्तू हवी त्याचं काय, याचं उत्तर हॉटेलात आजींना मिळतं : सुटी जिलेबी. मोबाइलमध्ये ते बराच काळ मिळत नव्हतं. सासूबाई निफाडला असतात. त्यांच्याकडं बटणांचा फोन आहे. त्या त्यावरून मुलींना फोन करतात आणि बाजारात कांद्याला काय भाव फुटला ते विचारतात. त्या फोनवर इंटरनेट चालतच नाही. तरी वर्षानुवर्षं त्यांच्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा यायचा आणि रोज रात्री बाराला मरायचा. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं ग्राहक संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली : प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि मेसेजचं किमान एक व्हाउचर ठेवायचं, आणि अशा व्हाउचरांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. म्हणजे सुटी जिलेबी ठेवण्याची सक्ती झाली. तिचा भाव किती असावा हे मात्र कंपनीवर सोडलं आहे. आणि सुट्याचा भाव वर ठेवला की जोडीच कशी बरी दिसते, ते आपण मेव्हण्याच्या फळ्यावर बघितलंच.

मागच्या खेपेला निफाडला गेलो तेव्हा नाक्यावरच्या रिचार्जवाल्याकडं मुद्दाम फक्त कॉलचा प्लॅन मागितला. त्यानं आधी डेटावालाच दाखवला, म्हणाला, "काका, थोडेच जास्त आहेत, वर नेट फुकट." मी सासूबाईंचा बटणांचा फोन त्याच्या काउंटरवर ठेवला.